सेमिनारचे रेकॉर्डिंग कसे तपासावे : नऊ मिनिटांतून एक स्लाइड शोधण्याची पद्धत

महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या अध्यापकाकडे पहिल्याच सत्रात विद्यार्थ्यांच्या सेमिनारची मोबाइलवर केलेली रेकॉर्डिंग येतात आणि प्रत्येकावर लेखी अभिप्राय द्यायचा असतो. बहुतेक वेळा कागदावर ‘सादरीकरण चांगले, स्लाइडवर मजकूर कमी हवा, आत्मविश्वास वाढवावा’ असे काहीतरी उतरते. हे शेरे खोटे नसतात. पण ते वाचून विद्यार्थ्याने पुढच्या वेळी नेमके काय बदलायचे, हे त्यांतून कळत नाही. या लेखात एका रेकॉर्डिंगची तपासणी पहिल्यापासून शेवटपर्यंत केली आहे. उदाहरण कोणा एका विद्यार्थिनीचे नाही. लातूर-नांदेडकडच्या महाविद्यालयांत जे वारंवार पाहायला मिळते, ते एकत्र करून बेतलेले आहे.

विद्यार्थिनी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय ‘सोयाबीनवरील पिवळा मोझॅक’, दिलेला वेळ दहा मिनिटे आणि रेकॉर्डिंग ९ मिनिटे १० सेकंदांचे. समोर वर्गातलीच तीसेक मुले-मुली आहेत, त्यांतली निम्म्याहून अधिक औसा, निलंगा, रेणापूर भागातली, म्हणजे ज्यांच्या घरच्या रानात सोयाबीन असते अशी. स्लाइड इंग्रजीत आहेत आणि बोलणे मराठीत. मोबाइल मागच्या बाकावर दप्तराला टेकवून ठेवला आहे.

रेकॉर्डिंग लावण्याआधी

विद्यार्थिनीकडून पीपीटीची मूळ फाइल मागून घ्यावी. रेकॉर्डिंगवरून स्लाइडच्या रंगांविषयी काहीही लिहू नये, कारण मोबाइलचा कॅमेरा प्रकाशाचे माप खोलीच्या अंधाराप्रमाणे लावतो आणि त्यामुळे प्रोजेक्टरचा उजळ पडदा पांढराफटक दिसतो. वर्गात व्यवस्थित वाचता येणारी अक्षरे व्हिडिओत पुसल्यासारखी दिसू शकतात. आवाजाचेही तसेच असते. मोबाइल तीस फुटांवर असेल, तर बोलणारीचा आवाज बारीक ऐकू येणे हा तिचा दोष आहे की अंतराचा, हे सांगता येत नाही. मात्र तोच आवाज एका भागात स्पष्ट आणि दुसऱ्या भागात बारीक असेल, तर तो फरक खरा मानण्यास हरकत नाही, कारण मोबाइल जागचा हललेला नाही.

अक्षरे मागच्या बाकावरून वाचता येत होती का, हे मूळ फाइलवरून तपासता येते. वर्गातला पडदा सहा फूट रुंद असेल आणि शेवटचा बाक तीस फुटांवर असेल, तर अंतर रुंदीच्या पाचपट झाले. लॅपटॉपचा पडदा साधारण एक फूट किंवा थोडा जास्त रुंद असतो. म्हणून स्लाइड पूर्ण पडद्यावर उघडून पाच-साडेपाच फूट मागे उभे राहावे. तेथून जे वाचता येत नाही, ते शेवटच्या बाकावरूनही वाचता आले नसणार. मराठी स्लाइड असतील तर आणखी एक गोष्ट पाहावी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर वर्गातल्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर भलत्याच चिन्हांत बदलतो, आणि विद्यार्थी त्या क्षणी गांगरला तर त्याचा गांगरलेपणा सादरीकरणाच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे ठरते. अशा विद्यार्थ्याला ‘पुढच्या वेळी पीडीएफही सोबत ठेव’ एवढे सांगितले की पुरते.

पहिल्यांदा न थांबवता पाहणे

पहिली फेरी श्रोत्याची असावी. वही बंद ठेवून, मध्ये कोठेही न थांबवता रेकॉर्डिंग शेवटपर्यंत पाहावे आणि संपल्यावर लगेच, पुन्हा न पाहता, जे लक्षात राहिले ते तीन वाक्यांत लिहावे. उदाहरणातल्या रेकॉर्डिंगनंतर असे लिहून होते : हा रोग विषाणूमुळे होतो, पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते, त्यावर बरेच उपाय आहेत. तिसरे वाक्य पोकळ आहे, आणि तपासणीचा पहिला धागा तेथेच सापडतो. उपायांवर तिने बराच वेळ घेतला होता, तरी त्यांतला एकही उपाय नाव घेऊन आठवत नाही.

वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाने येथे स्वतःवरच थोडा संशय घ्यावा. रोगट झाड बरे होत नाही, कीटकनाशक विषाणूवर नव्हे तर माशीवर चालते, ही माहिती त्याच्या डोक्यात आधीपासून असते आणि विद्यार्थिनीने सोडलेल्या जागा तो नकळत भरून काढतो. शक्य असेल तर इतिहासाच्या किंवा वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्याला ही पहिली फेरी पाहायला सांगावी आणि त्याचीही तीन वाक्ये घ्यावीत. माझ्या मते ही वाक्ये अध्यापकाच्या वाक्यांपेक्षा अधिक भरवशाची असतात.

स्लाइडची वेळनोंद

दुसऱ्या फेरीत फक्त स्लाइड बदलल्याची वेळ लिहायची. व्हीएलसी प्लेयरमध्ये `Space` दाबले की व्हिडिओ थांबतो, `Shift` आणि डाव्या बाणाने तीन सेकंद मागे जाता येते, `Alt` आणि डाव्या बाणाने दहा सेकंद. या कामाला याहून जास्त काही लागत नाही. उदाहरणातली नोंद अशी झाली :

स्लाइड १, शीर्षक : ०:०० ते ०:३५
स्लाइड २, अनुक्रम : ०:३५ ते १:२०
स्लाइड ३, प्रस्तावना : १:२० ते ३:०५
स्लाइड ४, रोगट पानाचा फोटो : ३:०५ ते ३:२०
स्लाइड ५, माशीमुळे होणारा प्रसार : ३:२० ते ५:००
स्लाइड ६, ‘कंट्रोल मेझर्स’, अकरा मुद्दे : ५:०० ते ८:२५
स्लाइड ७, निष्कर्ष : ८:२५ ते ८:५०
स्लाइड ८, आभार आणि शंका : ८:५० ते ९:१०

ही नोंद होईपर्यंत कोणतेही मत लिहू नये. नोंद झाली की मत बहुधा आपोआप समोर येते. रोग ओळखायचा तो ज्या पानाच्या फोटोवरून, त्याला १५ सेकंद मिळाले. अकरा मुद्द्यांच्या स्लाइडला ३ मिनिटे २५ सेकंद, म्हणजे एकूण वेळेच्या एक तृतीयांशाहून अधिक मिळाले, आणि त्याच भागातले आपल्याला काही आठवत नाही. पहिल्या तीन स्लाइडमध्ये ३ मिनिटे ५ सेकंद गेली, तरी विषयाचे असे त्यांत थोडेच होते. अनुक्रमाची स्लाइड दहा मिनिटांच्या सेमिनारमध्ये कशासाठी असते, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

एखाद्या स्लाइडवर बराच वेळ थांबणे मुळात वाईट नसते. विद्यार्थिनी फोटोवर तीन मिनिटे बोलली असती, पानावरचे पिवळे ठिपके दाखवत, तर ते उत्तमच झाले असते. म्हणून वेळनोंदीतील लांब भाग हा दोष म्हणून नव्हे, तर तिसऱ्या फेरीत जवळून पाहण्याची जागा म्हणून खुणावून ठेवावा.

आवाज बंद करून, आणि मग नुसता आवाज

खुणावलेले दोन भाग घ्यावेत : जो चांगला वाटला तो आणि जो निसटला तो. येथे ते ३:०५ ते ५:०० आणि ५:०० ते ८:२५ असे आहेत. प्रथम `M` दाबून आवाज बंद करावा आणि फक्त पाहावे. पहिल्या भागात विद्यार्थिनी वर्गाकडे तोंड करून उभी आहे, हाताने पान उलटे करून दाखवल्यासारखे करते आहे, कारण माशी पानाच्या मागच्या बाजूला बसते हे ती सांगत असावी. ५:०० ला स्लाइड बदलताच ती पडद्याकडे वळते आणि ८:२५ पर्यंत तिचा खांदा वर्गाकडे राहतो. मधे दोनदा मान वळते, पण लगेच पुन्हा पडद्याकडे जाते.

नंतर पडदा झाकून फक्त ऐकावे. पहिल्या भागात ती घरी बोलावे तशी बोलते : ‘पानं आधी ठिपक्या-ठिपक्यानं पिवळी पडायलेत, मग सगळं झाडच पिवळं व्हायलंय.’ दुसऱ्या भागात ती इंग्रजी ओळ वाचते, क्षणभर थांबते, ‘म्हणजे’ म्हणून तिचे मराठी करते आणि पुढच्या इंग्रजी ओळीकडे जाते. अकरा मुद्द्यांसाठी हे अकरा वेळा घडते. पाठ वर्गाकडे असल्याने आवाजही पडद्यावर आदळून येतो आणि ओळीचा शेवट ऐकू येत नाही.

वेग मोजायचा असेल, तर प्रत्येक भागातला एक मिनिट निवडून शब्द मोजावेत. इंग्रजी बोलण्यासाठी सांगितले जाणारे मिनिटाला १२० ते १५० शब्दांचे माप मराठीला लावू नये, कारण मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात आणि तेवढ्याच आशयाला शब्द कमी लागतात. विद्यार्थिनीची तुलना तिच्याशीच करावी. समजा पहिल्या भागात मिनिटाला ८५ आणि दुसऱ्या भागात ११५ शब्द निघाले, तर ती वाचताना धावते आहे हे नक्की झाले, मग आदर्श वेग काहीही असो.

‘पडायलेत’, ‘व्हायलंय’ ही रूपे अस्पष्टतेच्या रकान्यात टाकू नयेत. त्या वर्गात ती सर्वांना कळतात, आणि या रेकॉर्डिंगमध्ये ज्या भागात ती आली आहेत तोच भाग सर्वांत स्पष्ट आहे. विद्यापीठाच्या मौखिक परीक्षेसाठी प्रमाण मराठीची तयारी हवी असेल तर ती वेगळी सूचना आहे आणि ती वेगळ्या दिवशी द्यावी.

श्रोत्यांविषयी काय म्हणता येते

येथे नवा परीक्षक सर्वाधिक घसरतो. कॅमेरा मागे असल्याने चेहरे दिसतच नाहीत, आणि तरी ‘श्रोत्यांचा प्रतिसाद चांगला’ असे लिहिले जाते, कारण वर्ग शांत होता. अध्यापक खोलीत बसलेले असताना वर्ग शांत असणारच. त्या शांततेचा लक्ष देण्याशी संबंध असेलच असे नाही.

पाठमोऱ्या चित्रातूनही काही गोष्टी मोजता येतात. दर तीस सेकंदांनी व्हिडिओ थांबवावा, जी डोकी पूर्ण दिसतात ती ठरवून घ्यावीत आणि त्यांतली पडद्याकडे किंवा बोलणारीकडे वर असलेली किती, ते लिहावे. समजा अशी चौदा डोकी दिसतात. ३:३० ला बारा वर आहेत, ५:३० ला नऊ, ७:०० ला पाच. एकटा आकडा काही सांगत नाही, कारण खाली गेलेले डोके वहीत टिपणही घेत असेल. पण उतरत जाणारी ही रांग आणि त्याच वेळी वाढलेली कुजबुज ध्वनिमुद्रणात ऐकू येत असेल, तर दोन पुरावे एकमेकांना दुजोरा देतात. अभिप्रायात ‘श्रोते कंटाळले’ असे लिहू नये. ‘३:३० ला दिसणाऱ्या चौदापैकी बारा जण समोर पाहत होते, ७:०० ला पाच’ असे लिहावे, कारण आपण पाहिले ते एवढेच.

दुसरी मोजण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रश्नानंतरची शांतता. अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातील संभाषणे ध्वनिमुद्रित करून दाखवले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, आणि हा अवकाश तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केला की उत्तरे लांब होतात आणि स्वतःहून बोलणारेही वाढतात. उदाहरणातली विद्यार्थिनी ९:०२ ला ‘कोणाला काही शंका?’ म्हणते आणि ९:०४ ला ‘धन्यवाद’ म्हणून प्रोजेक्टरकडे जाते. दोन सेकंदांत कोणी हात वर करणार नव्हता. शिवाय ‘काही शंका?’ हा प्रश्न फार मोकळा आहे. ज्यांच्या घरी सोयाबीन आहे त्यांना ‘यंदा तुमच्या रानात अशी पिवळी झाडं कोणी पाहिली?’ असे ३:१५ ला, फोटो पडद्यावर असतानाच विचारले असते, तर हात वर आलेही असते.

लक्षणे अनेक, कारण एक

आता हातात पाच निरीक्षणे आहेत : उपाय लक्षात राहत नाहीत, पाठ वर्गाकडे होते, वेग वाढतो, आवाज दबतो, डोकी खाली जातात. ही पाचही कागदावर वेगवेगळी लिहिली, तर विद्यार्थिनीला पाच दुरुस्त्या करायच्या आहेत असे वाटेल आणि बहुधा ती एकही करणार नाही. म्हणून प्रत्येकासमोर वेळ लिहावी. पाचही ५:०० नंतर सुरू होतात आणि ८:२५ ला बऱ्याच अंशी थांबतात. मुळाशी स्लाइड ६ आहे.

कारण असे जुळते. अकरा इंग्रजी ओळी पाठ नसतात, म्हणून त्या पडद्यावरून वाचाव्या लागतात. वाचायला वळले की पाठ होते आणि आवाज दबतो. प्रत्येक ओळ दोन भाषांत जाते, म्हणून वेळ पुरणार नाही या भीतीने वेग वाढतो. श्रोते तर एकाच वेळी डोळ्यांनी इंग्रजी वाचतात आणि कानांनी मराठी ऐकतात. पडद्यावर जे लिहिले आहे तेच बोलून दाखवल्याने शिकणे सुधारत नाही, अनेकदा बिघडते, हे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी प्रयोगांतून मांडलेले तत्त्व येथे चांगलेच लागू पडते. दोन भाषांमुळे ओझे आणखी वाढते. एवढे दिसल्यावर ‘आत्मविश्वास वाढवावा’ हा शेरा लिहिण्याचे कारण राहत नाही. ३:०५ ते ५:०० मध्ये तो पुरेसा होता.

प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये असे एकच कारण सापडेल, असे मात्र धरून चालू नये. दोष सर्व वेळभर सारखे पसरलेले असतील, तर कारण स्लाइडमध्ये नसून तयारीत किंवा विषयाच्या समजेत असते. सोपी चाचणी अशी की, विद्यार्थ्याला स्लाइडशिवाय दोन मिनिटे तोच विषय सांगायला लावावा. तेव्हा तो नीट सांगू शकला तर स्लाइड बदलाव्यात. तेथेही अडखळला तर स्लाइडविषयी बोलण्यात वेळ घालवू नये. विषयातील चुकाही, उदाहरणार्थ बुरशीनाशकाने हा रोग बरा होतो असे कोणी म्हणाला असेल तर, वेगळ्या कागदावर लिहाव्यात.

कागदावर आणि समोरासमोर

लेखी अभिप्राय अर्ध्या पानात बसावा. त्यात आधी जे जमले त्याची वेळ, मग जे बदलायचे त्याची वेळ, मग बदल कसा करायचा ते. उदाहरणासाठी मी असे लिहीन :

‘३:०५ ते ५:०० या भागात तू वर्गाकडे पाहून बोललीस आणि माशी पानामागे बसते हे हाताने दाखवलेस, हा भाग ऐकताना कोठेही अडखळायला झाले नाही. ५:०० ते ८:२५ मध्ये एका स्लाइडवर अकरा इंग्रजी मुद्दे असल्याने तुला ते वाचून मराठीत सांगावे लागले आणि बहुतेक वेळ तोंड पडद्याकडे राहिले. या स्लाइडच्या जागी तीन स्लाइड कर. पहिलीवर उपटलेल्या रोगट झाडाचा फोटो आणि “रोगट झाड बरे होत नाही, ते उपटून नष्ट करावे” हे एक वाक्य. दुसरीवर पिवळा चिकट सापळा. तिसरीवर माशीसाठी फवारणी केव्हा करावी. उरलेले मुद्दे तुझ्या कागदावर ठेव. अनुक्रमाची स्लाइड काढ आणि तो वेळ पानाच्या फोटोला दे.’

काही विभागांत स्लाइड इंग्रजीतच असाव्यात असा नियम असतो. तेव्हा फोटोखाली एक इंग्रजी संज्ञा ठेवावी आणि वाक्य तोंडाने सांगावे. नियमही पाळला जातो आणि वाचत बसावे लागत नाही.

कागद देण्याआधी विद्यार्थिनीला बोलावून दोन्ही भागांतले अर्धा-अर्धा मिनिट तिलाच दाखवावे. आधी चांगला भाग, मग दुसरा, आणि ‘या दोन्हींत तुला काय फरक दिसतो?’ एवढेच विचारावे. ‘सर, मी नुसतं वाचायले’ असे ती स्वतःच म्हणते, तेव्हा निम्मे काम झालेले असते. स्वतःचा आवाज आणि चेहरा पाहून अनेकांना संकोच वाटतो, म्हणून पूर्ण रेकॉर्डिंग सोबत बसून पाहण्याचा आग्रह धरू नये. रेकॉर्डिंग आणि अभिप्राय वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत, आणि दुसऱ्या वर्गाला नमुना म्हणून दाखवायचे असल्यास तिची परवानगी घ्यावी.

प्रश्नानंतरच्या दोन सेकंदांच्या शांततेचा उल्लेख वरच्या अभिप्रायात नाही, आणि तो मुद्दाम वगळला आहे. एका वेळी एक मोठा बदल पुरे. पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये संपूर्ण तपासणी पुन्हा करण्याची गरज नसते. उपायांचा भाग तेवढा काढून त्याची वेळ, उभे राहण्याची दिशा आणि एका मिनिटातले शब्द पाहावेत आणि संपल्यावर तीन वाक्ये पुन्हा लिहावीत. ‘रोगट झाड उपटून टाकावे’ हे वाक्य त्यांत आपोआप आले, तर या वेळी प्रश्नानंतर मनात पाचपर्यंत मोजून थांबायला सांगावे. आले नाही, तर स्लाइड तीन झाल्या तरी प्रत्येकीवर किती ओळी राहिल्या आहेत, ते आधी पाहावे.